नऊ जणांत एक शून्य

गणिताच्या उपचारात्मक वर्गात माझ्याकडे नववीची नऊ मुलं आहेत. घटक चाचणी २० गुणांची. गुण भरायची एक्सेल फाइल वरून येते आणि ती रिकामी चौकट घेतच नाही. मूल गैरहजर असलं तरी ० टाकावा लागतो. ज्याने ती बनवली त्याने आयुष्यात कधी हजेरी घेतलेली नसावी.

गुण होते १२, १३, १३, १४, १५, १५, १६, १७ आणि ०. शून्यवाला मुलगा पेपरला बसलाच नव्हता, आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला होता. आढावा बैठकीत माझ्या वर्गापुढे १२.७८ लाल रंगात आले, कारण १३च्या खाली लाल अशी सोय. साहेबांनी विचारलं, "मॅडम, तुमचा वर्ग मागे का?"

मी फळ्यावर गुण चढत्या क्रमाने लिहिले. "सर, सरासरीच्या वर सात मुलं आहेत, खाली दोन. मग हा आकडा वर्गाचा कसा?" शून्य सोडलं तर आठ जणांची बेरीज ११५, सरासरी १४.३८. बेरीज शून्यामुळे कमी होत नाही, पण भागायला आठाऐवजी नऊ येतात. म्हणजे आधीच्या सरासरीचा थेट नववा हिस्सा, १.६ गुण गेले. पंचेचाळीसच्या वर्गात तेच शून्य जेमतेम ०.३ने खाली खेचतं. फटका बसतो तो छोट्या गटाला, आणि उपचारात्मक वर्ग छोटेच असतात.

मध्यक मात्र क्रमाने मधला, म्हणजे पाचवा गुण: १४. शून्य वगळलं तर आठांतले मधले दोन १४ आणि १५, म्हणून १४.५. फरक अर्ध्या गुणाचा. त्या मुलाला ०ऐवजी ११ असते तरी मध्यक १४च राहिला असता, कारण तो फक्त रांगेतली जागा बघतो, कोण किती मागे आहे ते नाही.

शेजारचे एक सर कुजबुजले, "आम्ही गैरहजराला वर्गाची सरासरी टाकतो, भानगड नाही." याला हिशेब म्हणत नाहीत. `=AVERAGE(C2:C10)` हे सूत्र रिकामी चौकट किंवा "गैरहजर" हा शब्द आपोआप सोडून देतं. ० मात्र गुण म्हणून मोजतं. सोय आहे, फाइलनेच ती बंद केली आहे.

साहेबांना पटलं. "मग मध्यकच लावू सगळीकडे," ते म्हणाले, आणि तिथेच मी अडले. नऊपैकी चार जण खरोखर शून्यावर असते तरी वरची पाच मुलं मध्यकाला १२च्या खाली येऊ देत नाहीत. लाल आकडा चुकीचा होता, पण त्याच्यामुळेच बैठकीत कुणीतरी विचारलं की हा मुलगा आहे कुठे.

आता मी सरासरीशेजारी मध्यक लिहिते आणि शेऱ्यात "गैरहजर १, ऊसतोड". फाइल अजून रिकामी चौकट घेत नाही.