चौघींचा चेंडू एकाच वेळी पडेपर्यंत

मी बेळगावात शहापूरला, सुजाता पुण्यात, गिरिजा बेंगळुरूत आणि रेखा खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या रस्त्याला. शाळेपासूनच्या मैत्रिणी. भारताच्या महिला संघाचा वीस षटकांचा सामना असला की ग्रुप कॉल लावायचा आणि आपापल्या घरी बघत गप्पा मारायच्या, असं आमचं चालायचं. पण त्यात मजा कमी आणि चिडचिड जास्त. सुजाता "गेली गं!" म्हणून ओरडायची तेव्हा माझ्या पडद्यावर गोलंदाज अजून रनअपच्या टोकाला चेंडू पुसत उभी असायची. रेखाला तर प्रत्येक विकेट तिघींच्या तोंडून आधी कळायची. "मी मॅच बघत न्हाई गं, तुमचं ऐकतोय नुसतं," असं ती एकदा वैतागून म्हणाली. (आमच्याकडे बायकाही "ऐकतोय" म्हणतात, पुणेकरांनी दचकू नये.)

म्हणून आधी फरक मोजला. मोजायला फार काही लागत नाही. फोनवर एकीनं बॅटला चेंडू लागताक्षणी "आता" म्हणायचं, दुसरीनं स्टॉपवॉच सुरू करायचं आणि तोच चेंडू आपल्या पडद्यावर दिसला की थांबवायचं. फोनच्या आवाजालाही थोडा उशीर असतो, पण तो सेकंदाहून बराच कमी, म्हणून सोडून दिला. सुजाताकडे डिश होती, आम्ही बाकीच्या ॲपवर. मी तिच्या ३१ सेकंद मागे निघाले. गिरिजा माझ्या ९ सेकंद पुढे आणि रेखा माझ्या २२ सेकंद मागे. म्हणजे पुणे आणि खानापूर यांच्यात जवळजवळ एक मिनिट. एवढ्यात दोन चेंडू होतात.

हे असं का होतं ते समजल्यावर पुढचं सोपं गेलं. ॲप सामना सलग पाठवत नाही, तुकड्यांत पाठवतं. एक तुकडा साधारण सहा सेकंदांचा. चित्र अडकू नये म्हणून फोन असे निदान तीन तुकडे हाताशी ठेवूनच दाखवायला सुरुवात करतो, म्हणजे इथेच १८ सेकंद गेले. शिवाय एकाच चित्राच्या कमी-जास्त स्पष्टतेच्या प्रती तयार करायला आणि त्या गावोगावच्या सर्व्हरवर पोचवायला आणखी वेळ जातो. मग ज्याचं नेट मध्येच अडकलं, चाक फिरत राहिलं, तो तेवढा आणखी मागे पडतो, आणि बरेचदा सामना संपेपर्यंत मागेच राहतो. रेखाचे जादाचे २२ सेकंद तिथले होते. ती लाल LIVE बटण दाबून पुढे उडी मारायची, पण पुढे गेल्यावर हाताशी तुकडेच उरायचे नाहीत, मग परत चाक, परत मागे.

सुजाताची पहिली सूचना होती, एकीनंच लावायचं आणि व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करायची. तसं केलं तर आवाज येतो आणि चित्राच्या जागी काळा चौकोन. सामना कुलूपबंद स्वरूपात येतो आणि स्क्रीन शेअरला ते कुलूप उघडत नाही. मग ॲपमधलं "वॉच पार्टी" वापरायचं ठरलं.

त्याची रीत अशी. एकीनं सामना लावून खोली उघडायची, येणारी लिंक बाकीच्यांना पाठवायची, त्यांनी ती आपल्याच ॲपमध्ये उघडायची. चित्र खोलीतून कुणी कुणाला पाठवत नाही. प्रत्येकीच्या फोनवर ते आपापलंच येतं, खोली फक्त "कितव्या सेकंदाला आहात" एवढं जुळवते. म्हणून प्रत्येकीचं स्वतःचं सबस्क्रिप्शन लागतं. मस्कतला असलेली आमची आणखी एक मैत्रीण रूपा याच कारणानं बाहेर राहिली, कारण सामन्याचे हक्क देशागणिक विकलेले असतात आणि तिकडे हे ॲप तो सामना दाखवतच नाही. सुजाताच्या टीव्हीवरच्या ॲपमध्ये वॉच पार्टीच नव्हती. फोनवरून टीव्हीवर कास्ट केलं तर टीव्ही स्वतःच्या वेळेनं चालू लागला आणि खोलीशी त्याचा संबंध सुटला. शेवटी तिनं लॅपटॉपवर खोली उघडली आणि एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडली. ते चाललं.

खोली मी उघडली होती. माझ्याकडे फायबर, त्यामुळे मी बऱ्यापैकी पुढे. खोलीचं घड्याळ मी, बाकीच्यांनी माझ्याशी जुळायचं. फरक थोडा असला तर ॲप मागे असलेलीचं चित्र कळेल न कळेल इतकं वेगानं चालवतं, जास्त असला तर सरळ उडी मारतं. गिरिजा आणि सुजाता दोन मिनिटांत जुळल्या. रेखाचं मात्र वाईट झालं. ॲप तिला ओढून माझ्याजवळ आणायचं, तिचं नेट तेवढं पुरवू शकायचं नाही, चाक फिरायचं, ॲप परत ओढायचं. पहिल्या तीन षटकांत तिला निम्मे चेंडू दिसलेच नाहीत. एकटी बघताना ती निदान मागे का असेना, सगळं बघत होती.

उपाय उलट्या बाजूनं निघाला. मी सरकपट्टी धरून स्वतःच मागे गेले. ताज्या क्षणापासून आधीपेक्षा ४५ सेकंद जास्त मागे. माझ्याबरोबर सगळी खोली मागे आली आणि रेखाच्या फोनला तुकडे साठवायला सवड मिळाली. मग ओढाताण थांबली. लाईव्ह म्हटलं की सगळ्यांना पुढे जायची घाई, खरं खोलीनं चालायचं असतं ते सगळ्यात मागच्या नेटच्या चालीनं. जुळलं की नाही ते कळतं कसं? कॉलवर चौघींचा "अरेरे" एकदम आला की जुळलं. एकीचा सुटा आला की तिच्याकडे बघायचं.

रेखानं स्पष्टताही उतरवली. तिचा हिशेब साधा होता. नीट स्पष्ट चित्राला सेकंदाला तीन मेगाबिट धरले तर तासाला सुमारे १.३५ जीबी जातात. सामना साडेतीन तासांचा, म्हणजे पावणेपाच जीबी, आणि तिचं पॅक दिवसाला २ जीबीचं. ४८० वर आणलं तर साधारण सेकंदाला एक मेगाबिट, तासाला ४५० एमबी, म्हणजे अख्खा सामना दीड-पावणेदोन जीबीत. "ऑटो"वर ठेवलं असतं तर ॲपनं नेट जरा सुधारलं की स्पष्टता वाढवली असती आणि सामना संपायच्या बऱ्याच आधी पॅक संपलं असतं. तिनं हातानं ४८० निवडून ठेवलं. मोबाईलच्या पडद्यावर चेंडू दिसतो तेवढा.

मग भाषेचा घोळ. गिरिजाच्या घरी कन्नड, तिनं कन्नड समालोचन लावलं होतं, मी मराठी. ॲप आम्हाला जुळलेलं दाखवत होतं, पण ती माझ्यापेक्षा काही सेकंद पुढे बोलत होती. काही ॲपमध्ये चित्र एकच असतं आणि आवाजाचा पट्टा तेवढा बदलतो, तिथे भाषा कुठलीही चालते. आमच्या ॲपमध्ये प्रत्येक भाषेचं प्रक्षेपण स्वतंत्र, म्हणजे उशीरही स्वतंत्र. ओळखायची खूण अशी की भाषा बदलल्यावर चित्र क्षणभर काळं होऊन चेंडू मागे-पुढे झाला तर प्रक्षेपण वेगळं, आवाज बदलून चित्र तसंच चालत राहिलं तर एकच. मग तह झाला. पहिला डाव कन्नडमध्ये, दुसरा मराठीत, आणि बदल फक्त मधल्या विश्रांतीत. बेळगावच्या चौघींना दोन्ही कळतात. उलट एलबीडब्ल्यूवर तावातावानं भांडायला कन्नड समालोचकच बरे, असं माझं मत झालंय.

जाहिरातींचा त्रास मात्र गेला नाही. षटकांच्या मध्ये प्रत्येकीला वेगळी जाहिरात दिसते आणि तिची लांबी नेहमी सारखी नसते. गिरिजाची एखादी लांबली की परत येताना ॲप तिला ओढून आणायचं आणि षटकाचा पहिला चेंडू गिळायचं. यावर आम्हाला काही सापडलं नाही. पहिला चेंडू तिला तोंडी सांगायचा, एवढंच.

आवाजाचं एक सांगायला हवं. सुजाताच्या टीव्हीचा आवाज तिच्या माईकमधून आमच्याकडे यायचा आणि समालोचक प्रत्येक वाक्य दोनदा बोलतोय असं वाटायचं. तिला वायरचा इअरफोन लावायला सांगितला. ब्लूटूथचा लावला तर कॉल सुरू होताच त्याचा आवाज बारीक, डब्यातून आल्यासारखा होतो, आणि चित्राच्या मागेही पडतो. ती बोलत नसेल तेव्हा माईक बंद, हा नियम तिघींनी मिळून तिच्यावर लादला.

एवढं करून बाहेरची दुनिया आमच्या पुढेच होती. आमच्या गल्लीत शेजारच्या काकांकडे डिश आहे आणि आता आम्ही त्यांच्या जवळपास सव्वा मिनिट मागे होतो. त्यांच्याकडून आरोळी आली की काहीतरी होणार हे मला कळायचं, काय ते नाही. सहा धावा की विकेट? खिडक्या लावल्या, पंखा मोठा केला. स्कोअरच्या ॲपच्या सूचना चौघींनी बंद केल्या, कारण त्या मैदानावरच्या गुणलेखनावरून येतात आणि चित्राच्या बऱ्याच आधी पोचतात. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपलाही सामना संपेपर्यंत म्यूट. तिथे एक मावसभाऊ डिशवर बघून प्रत्येक विकेट टाकतो आणि त्याला समजावणं माझ्या आवाक्यातलं नाही.

सतराव्या षटकात रेखाकडची वीज गेली. फोन चालू होता, पण टॉवरचं नेट पडलं आणि ती खोलीतून बाहेर. परत आली तेव्हा ॲपनं तिला आम्ही होतो तिथेच आणून ठेवलं. मधलं दीड षटक गेलं. तिच्यासाठी मी सामना थांबवू शकत होते, यजमानानं थांबवलं की सगळ्यांचं थांबतं. पण तेवढा वेळ खोली आणखी मागे गेली असती आणि काकांच्या आरोळीपासून मला वाचवायला पंखाही पुरला नसता. गिरिजानं ते दीड षटक तिला कन्नड-मराठी मिसळून सांगितलं, समालोचकांपेक्षा जरा जास्तच रंगवून.

यजमान बाहेर पडली तर आमच्या ॲपमध्ये खोलीच बंद होते. म्हणून पुढच्या वेळी खोली गिरिजा उघडणार आहे. तिच्या इमारतीला जनरेटर आहे, माझ्या राउटरला अजून छोटा यूपीएसही नाही. ४५ सेकंद मागे ओढायचं तिला आत्तापासून बजावून ठेवलंय.