आमची वाटचाल : रिवाइंडिंगच्या कामातून प्रश्नपेढीकडे

शिरोली एमआयडीसीत वडिलांनी मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप टाकलं, तेव्हा काम सरळ होतं. फाउंड्रीतली मोटर जळायची, टेम्पोतून आमच्याकडे यायची. आम्ही जुनी तार काढून नवं वाइंडिंग भरायचो, वार्निश मारून ओव्हनमध्ये भाजायचो आणि मोटर परत पाठवायचो. मशीन बंद पडल्याशिवाय गिऱ्हाईक दारात येत नसे. पुढे त्याच गिऱ्हाइकांनी पंप, ब्लोअर आणि कॉम्प्रेसरच्या वार्षिक देखभालीची कामं दिली. त्यानंतर आम्ही व्हायब्रेशन मोजायचं यंत्र घेतलं. म्हणजे बिघडल्यावर दुरुस्त करायचं ब्रेकडाऊन, ठरलेल्या वेळी करायचं प्रिव्हेंटिव्ह आणि मोजमापांवरून बिघाड आधीच ओळखायचं प्रेडिक्टिव्ह या तिन्ही प्रकारच्या मेन्टेनन्सवर आमचं घर चाललं आहे, आणि प्रत्येकाचे पैसे कुठे वाचतात नि कुठे वाया जातात ते आम्ही जवळून पाहिलं आहे.

आज आमच्या फर्मचं चौथं काम आहे प्रशिक्षणाचं. सुपरवायझरांसाठी वर्ग घेतो आणि डिप्लोमा व व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसाठी ऑपरेशन्स विषयाच्या क्विझचे प्रश्न तयार करतो. यातला एक प्रश्नप्रकार मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मशीनची परिस्थिती वर्णन करायची आणि विचारायचं, इथे कोणती देखभाल निवडाल? हा प्रश्न नीट घातला तर कारखान्यातला खरा निर्णय वर्गात घेता येतो. पण तो बहुतेक ठिकाणी अर्धवट घातला जातो.

नेहमीचा नमुना असा असतो : “एका कारखान्यात एक महत्त्वाचं मशीन आहे. त्याच्यासाठी कोणती देखभाल योग्य?” अपेक्षित उत्तर प्रिव्हेंटिव्ह. मुलं काही दिवसांत शब्द हेरायला शिकतात. ‘महत्त्वाचं’ दिसलं की प्रिव्हेंटिव्ह, ‘सेन्सर’ दिसला की प्रेडिक्टिव्ह, ‘स्वस्त’ दिसलं की ब्रेकडाऊन. गुण मिळतात, पण हाच मुलगा कारखान्यात लागला की दर सहा महिन्यांनी चांगली बेअरिंग काढून नवी बसवतो आणि मशीन तरीही बंद पडतं.

कारण मशीन किती महत्त्वाचं आहे यावरून एवढंच कळतं की बिघाड महाग पडेल. वेळेवर भाग बदलल्याने बिघाड टळेल का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी बिघाड वयाप्रमाणे येतो का, हे माहीत हवं. धातू वितळवणाऱ्या इंडक्शन फर्नेसचं आतलं लायनिंग हे वयाप्रमाणे झिजणाऱ्या गोष्टीचं स्वच्छ उदाहरण आहे. प्रत्येक हीटला, म्हणजे धातू वितळवण्याच्या प्रत्येक फेरीला, ते थोडं झिजतं, म्हणून हीट मोजून लायनिंग पाडायचं आणि नवं ठोकायचं हा हिशेब चालतो. बेअरिंगचं तसं नाही. कंपनीच्या कॅटलॉगमध्ये बेअरिंगचं जे मूळ आयुष्य दिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच की एकाच प्रकारच्या, एकाच भाराखालच्या बेअरिंगपैकी ९० टक्के तेवढे तास गाठतील. उरलेल्या १० टक्के त्याआधी जातात, आणि बऱ्याचशा त्याच्या कितीतरी पट चालतात. अशा भागाला तारीख लावली तर आधी जाणाऱ्या सापडत नाहीत आणि चांगल्या मात्र काढून टाकल्या जातात. शिवाय नवी बसवताना धूळ आत गेली किंवा ती वाकडी ठोकली, तर बिघाड आपणच आत घातलेला असतो.

अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी १९७८ साली विमानांच्या देखभालीवर अहवाल दिला. त्यांनी तपासलेल्या भागांपैकी जेमतेम ११ टक्के भागांनाच ठरावीक वयाला बदलण्याचा फायदा होण्यासारखा होता. विमान आणि फाउंड्री यांत फरक आहे, आकडा जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण वय आणि बिघाड यांचं नातं गृहीत न धरता तपासायचं, हे तिथून घेण्यासारखं आहे.

आता आमच्या प्रश्नपेढीतला एक प्रश्न पूर्ण सांगतो. कास्टिंग साफ करायच्या शॉट ब्लास्टिंग मशीनची धूळ ओढणाऱ्या डस्ट कलेक्टरचा फॅन आहे. मोटर ३० एचपीची, बेल्टने फॅन १२०० आरपीएमवर फिरतो, शाफ्ट दोन प्लमर ब्लॉकवर, म्हणजे बेअरिंगच्या बैठकांवर आहे. फॅन थांबला की ब्लास्टिंग थांबतं आणि कास्टिंग पुढे जात नाहीत. जुन्या नोंदींत या फॅनची बेअरिंग एकदा पाच महिन्यांत गेली, एकदा दोन वर्षं चालली, एकदा अकरा महिने. बिघाडाची खूण व्हायब्रेशनमध्ये दिसायला लागल्यापासून बेअरिंग जाईपर्यंत साधारण दोन महिने मिळतात. नवी बेअरिंग मागवायला एक आठवडा लागतो. पर्याय तीन : (अ) दर आठ महिन्यांनी बेअरिंग बदलणं, (ब) दर तीन महिन्यांनी व्हायब्रेशन मोजणं, (क) दर महिन्याला व्हायब्रेशन मोजणं.

नोंदींमधला विस्कळीतपणा पाहिला की (अ) गळतो. आठ महिन्यांची तारीख पाच महिन्यांत गेलेल्या बेअरिंगला वाचवत नाही आणि दोन वर्षं चालणारीला फुकट काढते. खरी ओढाताण (ब) आणि (क) मध्ये आहे. दोन्ही प्रेडिक्टिव्ह दिसतात. पण खूण दिसल्यापासून बिघाडापर्यंत दोनच महिने असतील, तर तीन महिन्यांच्या दोन मापनांमध्ये बेअरिंग खराब व्हायला सुरुवात होऊन जाऊनही मोकळी होते. मापनाचं अंतर त्या मुदतीच्या साधारण निम्मं ठेवायचं, म्हणजे निदान एक मापन मधे पडतं आणि बेअरिंग मागवून सुट्टीच्या दिवशी बसवायला वेळ उरतो. उत्तर (क).

याच प्रश्नाला पुढे जोडप्रश्न आहे. मासिक मापनं अशी आली : १.९, २.१, २.० आणि नंतर एकदम ३.४ मिलिमीटर प्रति सेकंद. आयएसओ १०८१६ या व्हायब्रेशनच्या जुन्या मानकाच्या पहिल्या भागातल्या मध्यम आकाराच्या मशीनच्या तक्त्यात २.८ पर्यंत मशीन सतत चालवायला हरकत नसते, ७.१ च्या वर नुकसानीचा धोका असतो. ३.४ म्हणजे मधला पट्टा. आता काय कराल? बहुतेक जण लिहितात, बेअरिंग बदला. आमच्याकडचे ज्येष्ठ फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते वर्गात बसले होते तेव्हा त्यांनी एका शिकाऊ मुलाला विचारलं, “बाळा, पंख्याला वाळूची धूळ चिकटली का बघितलंस?”

मुद्दा अगदी बरोबर आहे. फाउंड्रीच्या फॅनच्या पात्यांवर धूळ बसते, एका बाजूचा थर निखळून पडतो आणि फॅनचा तोल जातो. त्याचंही व्हायब्रेशन वाढतं. ओळखायचं असं : तोल गेला असेल तर वाढ मुख्यतः फॅनच्या स्वतःच्या वेगावर, म्हणजे १२०० आरपीएमला २० हर्ट्झवर दिसते. बेअरिंगच्या रिंगला खड्डा पडला असेल तर वाढ त्याहून वरच्या वारंवारतांवर येते, कारण एका फेऱ्यात बरेच गोळे त्या खड्ड्यावरून जातात. पहिल्या बाबतीत फॅन उघडून साफ करायचा, गरज पडली तर बॅलन्स करायचा. दुसऱ्या बाबतीत बेअरिंग मागवायची आणि मापनं महिन्याऐवजी आठवड्यावर आणायची. प्रेडिक्टिव्ह म्हणजे नुसतं मोजणं नव्हे, मोजून काय करायचं ते ठरवता येणं, हे या जोडप्रश्नातून मुलांच्या लक्षात येतं.

दुसरा प्रकार हिशेबाचा. एका मशीनच्या २० महिन्यांच्या नोंदी दिल्या आहेत : ४ महिन्यांत एकही ब्रेकडाऊन नाही, ८ महिन्यांत प्रत्येकी एक, ६ महिन्यांत प्रत्येकी दोन, २ महिन्यांत प्रत्येकी तीन. एकूण २६ ब्रेकडाऊन, म्हणजे महिन्याला सरासरी १.३. एका ब्रेकडाऊनचा खर्च ६,००० रुपये, तर महिन्याला ७,८०० रुपये. बाहेरची एजन्सी महिन्याला ३,००० रुपयांत प्रिव्हेंटिव्ह देखभाल द्यायला तयार आहे आणि म्हणते, ब्रेकडाऊन महिन्याला सरासरी एकावर येतील. तेव्हा खर्च ३,००० अधिक ६,०००, म्हणजे ९,००० होतो. मशीन बंद पडल्यावर दुरुस्त करणंच स्वस्त. एजन्सीने ब्रेकडाऊन दोन महिन्यांतून एकावर आणले, तर खर्च ६,००० आणि करार घ्यावा. काठावरचा आकडा ०.८ आहे. त्याहून कमी ब्रेकडाऊन उरणार असतील तरच पैसे द्यायचे.

हे गणित पुस्तकी पद्धतीचं आहे, पण आम्ही त्यात दोन गोष्टी घालतो. पहिली, ६,००० मध्ये काय काय धरलं आहे? फक्त स्पेअर आणि मजुरी धरली आणि उशिरा गेलेल्या मालाचा दंड वगळला, तर उत्तर उलटं पडू शकतं. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. एजन्सी ०.८ च्या खाली आणू शकेल का, हे बिघाड कशाने होतात यावर ठरतं. नोंदींत बहुतेक ब्रेकडाऊन बेल्ट ढिले होणं, फिल्टर तुंबणं, ग्रीस संपणं या कारणांचे असतील तर नियमित देखभालीने ते नक्की उतरतील. ते अचानक येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कार्डच्या बिघाडाचे असतील, तर दर महिन्याला माणूस येऊन गेला तरी १.३ तेच राहतील. तिथे एक जास्तीचं कार्ड कपाटात ठेवणं आणि ब्रेकडाऊन पत्करणं हेच शहाणपणाचं. म्हणून आम्ही नोंदींबरोबर प्रत्येक बिघाडाचं कारण दिल्याशिवाय हा प्रश्न छापत नाही.

ब्रेकडाऊन मेन्टेनन्सला परीक्षांमध्ये नेहमी आळशी पर्याय म्हणून मांडतात, ते मला पटत नाही. शेडमधला एक दिवा जाण्याची वाट पाहणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. अट एवढीच की बिघाडाने कुणाला इजा होऊ नये, काम अडू नये आणि बदलायचा भाग हाताशी असावा.

सध्या प्रश्नपेढीत स्टँडबाय मशीनचे प्रश्न वाढवतो आहोत. नमुना असा : फर्नेसच्या कॉइलला थंड पाणी देणारे दोन पंप आहेत, एक चालू, एक राखीव. चालू पंप बंद पडला तर राखीव लागलीच सुरू होतो. विद्यार्थी लिहितात, राखीव आहे म्हणून दोन्हींना ब्रेकडाऊन चालेल. चालू पंपापुरतं हे निम्मं तरी खरं आहे, कारण तो थांबला की लगेच कळतं. राखीव पंप मात्र महिनोन्महिने नुसता उभा असतो. त्याचं सील सुकलं, फूट व्हॉल्व्ह अडकला किंवा स्टार्टरचा कॉन्टॅक्टर चिकटला, तरी कुणाला पत्ता लागत नाही. कळतं ते ज्या दिवशी पहिला पंप जातो त्या दिवशी, तेही फर्नेसमध्ये वितळलेलं लोखंड असताना. म्हणून राखीव पंपासाठी उत्तर येतं ठरलेल्या दिवशी तो चालवून बघणं. तीन पर्यायांत बसवायचं तर हे प्रिव्हेंटिव्हमध्ये जातं, जरी त्यात काही बदलत नाही, फक्त नीट चालतो की नाही ते पाहतो. आमच्या करारांत हे काम आठवड्यातून एकदा असतं. दोन्ही पंप आळीपाळीने मुख्य म्हणून लावतो आणि वहीत तारीख, प्रेशर आणि अँपिअर लिहून फिटरची सही घेतो.