मूठ म्हणजे किती?

शुक्रवार, रात्री साडेदहा

अक्कांचा दुपारचा फोन अजून डोक्यातून जात नाही. "भाकरी अर्धी केली, भात सोडला, चहातली साखर सोडली. आता अजून काय सोडू गं बाई? वजन तर गुंजभर हललं नाही." मी नेहमीचेच प्रश्न विचारत गेले. मधे काही खाता का? तर म्हणाल्या, "काही नाही. सकाळी एक मूठ अन् चारला एक मूठ सुकामेवा, तूच तर कागदावर लिहून दिलंस."

लिहून दिलं होतं, खरं आहे. 'मूठभर सुकामेवा', माझ्याच अक्षरात. त्या अर्ध्या भाकरीवर उठत होत्या आणि त्याला कारण माझा एक शब्द. संध्याकाळपासून तोच टोचतोय.

आपल्याकडे चिमूट आहे, मूठ आहे, पसा आहे, ओंजळ आहे. जुन्या बायका या मापांत गल्लत करत नसत. मूठ म्हणजे बोटं पूर्ण मिटल्यावर आत राहतं तेवढंच. तळहात वर करून, बोटांची वाटी करून भरला तर तो पसा. डब्यात हात घातला की मात्र आपण सगळेच पसा भरतो आणि त्याला मूठ म्हणतो. मिटलेल्या मुठीत साधारण २५ ते ३० ग्रॅम मावतात. शीग लावलेल्या पशात ६० च्या वर सहज जातात.

तसा एक पसा आज काट्यावर ठेवला आणि वेगवेगळा करून मोजला. बदाम १४, ते १७ ग्रॅम. काजू १२, १८ ग्रॅम. अक्रोडाचे अर्धे गर ४, ८ ग्रॅम. सोललेले पिस्ते १० ग्रॅम, मनुके १३ ग्रॅम. सगळं मिळून ६६ ग्रॅम. कॅलरींचा हिशोब असा लागतो: बदामाच्या ९८, काजूच्या १००, अक्रोडाच्या ५२, पिस्त्याच्या ५६, मनुक्यांच्या ३९. बेरीज ३४५. ज्वारीचं ६० ग्रॅम पीठ घेऊन थापलेल्या भाकरीत सुमारे २१० कॅलरी असतात, म्हणजे एका पशात दीड भाकरीहून जास्त. अक्का दिवसातून दोनदा घेतात. जेवणातली अर्धी भाकरी सोडून, नकळत तीन भाकरींची भर.

पोट मात्र भरल्यासारखं वाटत नाही. भाकरीत पाणी असतं, ती ताटात दिसते, कालवणाशी चावून खायला वेळ लागतो. सुक्यामेव्यात पाणी जवळजवळ नसतंच. बदाम-काजूचं निम्म्याच्या आसपास वजन तेलाचं, आणि तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, तर पिठाच्या एका ग्रॅमला साधारण साडेतीन आणि साखरेच्या ४. मनुक्यात तेल नाही, पण ताज्या द्राक्षात दर १०० ग्रॅमला ८० ग्रॅम पाणीच असतं. ते उडालं की उरते ती मुख्यतः साखर. २५ द्राक्षं खायला बसलं तर घड संपल्याचं कळतं. २५ मनुके दोन घासांत जातात.

डब्यात आणखी एक गंमत होते, जी मोजल्याशिवाय लक्षात येत नाही. डबा हलला की मनुके आणि बिया खाली बसतात आणि बदाम, काजू, अक्रोड वर येतात. त्यामुळे डबा नवा असताना वरचा पसा जास्त तेलाचा निघतो. मिसळलेल्या डब्यातले दोन पसे कधीच सारखे नसतात. म्हणून 'एवढ्यात एवढं' असं डोळ्यांनी ठरत नाही.

अक्कांनी विचारलंच होतं, "बदाम भिजवून खाल्ले की हलके होतात ना?" रात्रभर भिजवलेला बदाम फुगतो, त्याचं वजन वाढतं, पण वाढतं ते पाण्याचं. तेल आहे तेवढंच राहतं. मोजायचे तर भिजवायच्या आधी मोजावेत. भिजवून मोजले तर उलट कमी बदाम बसतात आणि हिशोब चुकतो.

एक सूट मात्र खरी आहे आणि ती अक्कांना सांगायला हवी. अख्ख्या बदामातलं सगळं तेल अंगी लागत नाही. काही पेशी चावताना फुटत नाहीत, त्यांच्यातलं तेल तसंच बाहेर पडतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी माणसांना बदाम खाऊ घालून हे मोजलं. २०१२ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात २८ ग्रॅम बदामांतून १७० च्या जागी सुमारे १२९ कॅलरीच मिळाल्या. अक्रोड आणि काजूंनाही अशी थोडी सूट आहे. ती सगळी वजा केली तरी तो पसा तीनशेच्या आसपासच राहतो. आणि बदामाची पूड करून दुधात घातली तर सूट घटते, कारण चावण्याचं काम मिक्सरनंच केलेलं असतं. अक्का रात्री दुधात काय घालतात ते विचारायचं राहिलं.

संध्याकाळी वाटत होतं, इतकी वर्षं लोकांना खाणं सांगते आणि साधं माप सांगता येत नाही. आता काट्यासमोर बसून मन जरा निवलंय. सुकामेवा वाईट नाहीच. त्यांना तो सोडायला सांगायचा नाही, सोडण्यासारखं त्यांच्याकडे आता उरलंय तरी काय! शिवाय तो सोडला तर चारच्या भुकेला बिस्किटं येतील, म्हणजे पुन्हा तेच. चुकलाय तो शब्द, आणि शब्द बदलता येतो.

कागदावरचं 'मूठभर' खोडून असं लिहायचं: बदाम ८, काजू ५, अक्रोडाचे अर्धे गर २, मनुके १०. हे सगळं २६ ग्रॅम भरतं, कॅलरी १४० च्या आत. दिवसातून एकदाच, चार वाजता. सकाळचं बंद, पण त्याच्या बदल्यात दुपारची भाकरी पूर्ण. हा बदल आधी सांगायचा, नाहीतर 'अजून एक सोड' असंच त्यांना ऐकू येईल.

घरात काटा नाही म्हणून एक छोटी वाटी ठरवून घ्यायला लावायची. मोजलेले दाणे एकदा त्यात ओतायचे, कुठवर येतात ते बघायचं आणि रोज तेवढंच. शीग नाही. वाटी भरली की डब्याचं झाकण लावून तो वरच्या फळीवर ठेवायचा आणि मग खायला बसायचं. उघडा डबा हाताशी असला की वाटीचा उपयोग नाही. येता-जाता उचललेले चार-चार दाणे कुणाच्याच हिशोबात येत नाहीत. १० काजू म्हणजे ८० च्या वर कॅलरी, आणि ते उभ्या-उभ्या दोन फेऱ्यांत संपतात.

शेंगदाण्यांचंही सांगायला हवं. काजू महाग म्हणून जपून खाल्ले जातात, भाजलेले दाणे मात्र घरचेच म्हणून कुणी मोजत नाही. वजनाला वजन धरलं तर दोन्ही सारखेच. येत्या एकादशीच्या आधी हे बोलून घेतलं पाहिजे.

पिस्ते या मिश्रणातून काढून वेगळ्या बरणीत, टरफलासकट. एक-एक सोलून खावे लागतात, हात थांबतो, आणि किती झाले ते समोरच्या टरफलांवरून दिसतं. ते ज्या दिवशी हवे वाटतील त्या दिवशी काजूंच्या जागी १२.

सकाळी नऊच्या आधी फोन करायचा. नंतर त्या देवळात जातात.