आमची वाटचाल: पाइपच्या व्यासापासून पाण्याच्या खोलीपर्यंत

सपाट गच्चीवरचे पावसाचे पाणी उतरवण्याचे आराखडे करणे हे आमच्या छोट्या फर्मचे काम. सुरुवातीला आमचे गणित डाउनटेक पाइपपाशीच सुरू व्हायचे आणि तिथेच संपायचे. आता पाइप सगळ्यात शेवटी येतो. मधे काय बदलले, ते एका नमुन्याच्या गच्चीवर दाखवतो: लांबी २० मीटर, रुंदी १५ मीटर, चारही बाजूंनी कठडा, मधोमध उंचवटा आणि तिथून दोन्ही लांब कठड्यांकडे १०० ला १ असा उतार.

आधी पाऊस. दिवसभरात २४० मिमी पडला म्हणजे तासाला १० मिमी, हा हिशेब गच्चीला लागू नाही. उंचवट्यावरचे पाणी काही मिनिटांत कठड्याशी पोचते, म्हणून पाहायची ती ५ मिनिटांची सर. त्या ५ मिनिटांत साडेबारा मिमी पाऊस झाला, तर तीव्रता तासाला १५० मिमी होते. कोणत्या ठिकाणी किती धरायची, हे तिथल्या कमी कालावधीच्या पर्जन्यनोंदींवरून आणि अशी सर किती वर्षांतून एकदा चालवून घेता येईल यावरून ठरते. खाली मोकळी शेड आहे की कागदपत्रांची खोली, हा प्रश्न इथेच विचारायचा.

पुढचे सोपे आहे. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर.

```
Q = A × i / 3600
```

A चौरस मीटरमध्ये, i तासाला मिमीमध्ये, Q सेकंदाला लिटरमध्ये. ३०० चौरस मीटर आणि १५० मिमी धरले की साडेबारा लिटर येतात, म्हणजे प्रत्येक बाजूला सव्वासहा. शेजारी उंच भिंत असेल, तर तिच्यावर आदळून येणारे पाणी म्हणून तिचे निम्मे क्षेत्रफळ A मध्ये मिळवतो.

आमची जुनी चूक यापुढे होती. १०० मिमी आतल्या व्यासाचा उभा पाइप एक तृतीयांश भरून वाहिला तरी सेकंदाला साडेदहा लिटरच्या आसपास पाणी नेतो. म्हणजे बाजूला एक पाइप पुरे, असे वाटते. पण पाइपपर्यंत पोचण्याआधी पाण्याला आउटलेटच्या कडेवरून आत पडावे लागते, आणि किती पडेल हे कडेवर पाणी किती खोल आहे त्यावर ठरते.

```
Q = k × D × h^1.5 / 7500
```

D हा आउटलेटच्या तोंडाचा व्यास आणि h ही कडेवरच्या पाण्याची खोली, दोन्ही मिमीमध्ये; उघड्या तोंडाला k = १, घुमटी जाळी असेल तर ०.५. हे सूत्र h तोंडाच्या निम्म्या व्यासापर्यंतच चालते. १५० मिमी तोंडाच्या एकाच आउटलेटला जाळीसह सव्वासहा लिटर द्यायचे, तर पाणी ७३ मिमी चढते. दोन आउटलेट दिले की ४६ मिमी. म्हणून बाजूला दोन, एकूण चार. पाइप १०० मिमीचेच.

ओव्हरफ्लोसाठी प्रत्येक लांब कठड्यात आरपार चौकोनी भोक ठेवतो, त्याचा उंबरा आउटलेटच्या कडेपेक्षा ५० मिमी वर. त्यामुळे नेहमीच्या सरीत तो कोरडा राहतो. रुंदी मात्र त्या बाजूची दोन्ही आउटलेट तुंबली आहेत असे धरून काढतो.

```
Q = b × h^1.5 / 24000
```

b ही भोकाची रुंदी आणि h ही उंबऱ्यावरच्या पाण्याची खोली, दोन्ही मिमीमध्ये. ४५० मिमी रुंदीवरून सव्वासहा लिटर जाताना उंबऱ्यावर ४८ मिमी पाणी असते. भोकाची उंची १०० मिमी ठेवतो. म्हणजे कठड्याशी एकूण खोली ९८ मिमी, तिथे स्लॅबवर चौरस मीटरला ९८ किलो भार. हा आकडा स्ट्रक्चरल इंजिनिअरला लेखी कळवतो. वॉटरप्रूफिंग कठड्यावर १५० मिमी चढवलेले असेल, तर पाणी त्याच्या आत राहते.

दोनपैकी एकच आउटलेट तुंबले, तर पाणी सुमारे ६५ मिमीवर स्थिरावते आणि उंबऱ्यावरून १५ मिमी जाडीची धार पडते. ती धार हाच इशारा, म्हणून ती लोकांच्या नजरेस पडेल पण कोणाच्या डोक्यावर पडणार नाही अशा जागी काढतो. ओव्हरफ्लो त्याच डाउनटेकला जोडण्याचा आग्रह बऱ्याचदा होतो, कारण भिंतीवर डाग नकोत. तो आम्ही मानत नाही. पाइप खाली तुंबला की दोन्ही वाटा एकदम बंद.

सगळ्यात जास्त बिघाड मात्र दुरुस्तीत होतो. जुन्या कोब्यावर ४० मिमीचा नवा थर चढतो, आउटलेटही तेवढेच वर घेतले जाते, उंबरा आहे तिथेच. मग उरतात १० मिमी. ओव्हरफ्लो प्रत्येक सरीत वाहू लागतो, तक्रार येते आणि कोणीतरी भोकात विटा भरून टाकतो. गच्चीवर गेल्यावर आम्ही आधी कठड्याच्या आतल्या बाजूची गाळाची रेघ बघतो. ती उंबऱ्याच्या बरीच वर असेल, तर भोक अरुंद आहे किंवा बुजवलेले आहे. आराखड्यावर उंबऱ्याची उंची आता स्लॅबपासून लिहीत नाही, आउटलेटच्या तयार कडेपासून लिहितो, आणि नवा थर आला की उंबराही तेवढाच वर घ्यावा अशी टीप तिथेच टाकतो.