उत्तर बरोबर, कारण चूक

दहावीपर्यंत मी खानापूर तालुक्यात मराठी माध्यमात शिकलो. पी.यू.साठी बेळगावला आल्यावर ‘सातत्य’ हा शब्द मागे पडला. वर्गात सगळे कंटिन्युटी म्हणायचे. शब्दाची सवय महिन्याभरात झाली. अडलं ते चाचणीतल्या या फलनावर:

```
f(x) = (x² − 4)/(x − 2),  x < 2
f(x) = 5,                 x = 2
f(x) = 3x − 2,            x > 2
```

x = 2 ला हे सलग आहे का, एवढंच विचारलं होतं. मी पहिल्या ओळीत सरळ 2 घातले, 0/0 आलं. म्हणून ‘डावी सीमा नाही, फलन सलग नाही’ असं लिहून मोकळा झालो. सलग नाही हे खरंच होतं, तरी गुण कापले गेले. मला ते फार लागलं.

रविवारी गावी गेल्यावर चुलतभावाला पेपर दाखवला. तो म्हणाला, “2 कशाला घालालायस? पहिली ओळ 2 च्या अलीकडचीच आहे की. 1.9 घाल.” घातले, 3.9 आलं. 1.99 ला 3.99. मग त्यानं वरच्या पदाचे अवयव पाडायला लावले: (x − 2)(x + 2). सीमा घेताना x दोनच्या जवळ जातो, पण दोन होत नाही. म्हणजे x − 2 शून्य नसतो आणि तो छेदाशी काटता येतो. उरतं x + 2, डावी सीमा 4. 0/0 आलं म्हणजे सीमा नाही असं नव्हे, अजून काम बाकी आहे एवढाच त्याचा अर्थ, हे मला तेव्हा कळलं.

उजवीकडे 2.1 ला 4.3, 2.01 ला 4.03, तिथेही सीमा 4. “दादा, मग सलगच आहे की हे!” मी म्हणालो. त्यानं काही न बोलता मधल्या ओळीवर बोट ठेवलं. f(2) = 5. आलेख काढला तेव्हा डोळ्यांनी दिसलं: दोन्ही रेषा (2, 4) ला येऊन भिडतात, पण तिथे पोकळ गोल, आणि भरीव ठिपका वर (2, 5) ला. डावी सीमा, उजवी सीमा आणि f(2) हे तिन्ही एकच हवेत. मधल्या ओळीत 5 ऐवजी 4 असते तर फलन सलग झालं असतं.

मग त्यानं शेवटची ओळ kx − 2 केली, मधले 5 तसेच ठेवले आणि k विचारला. मी 2k − 2 = 4 मांडून k = 3 काढला. “आणि 5 चं काय?” तो म्हणाला. 5 शी जुळवायला k = 7/2 घेतला, तर उजवी बाजू 5 ला पोचली, पण डावी 4 लाच राहिली. डावीकडच्या ओळीत k नाहीच, त्यामुळे ती हलणार नाही. मग मी वहीत लिहिलं: k ची अशी कोणतीही किंमत नाही.