ईदेचे चार बोकड: ११० दिवसांच्या वजनाच्या नोंदी

या खेपेला चार बोकड बांधले होते, तीन अंडील आणि एक खच्ची. बकरी ईदला ११० दिवस उरले असताना सुरुवात केली. तेव्हा त्यांची वजनं १९ ते २२ किलो होती. वजन दर आठवड्याला सकाळी, चारा टाकण्याआधी घेतलं. पोट भरल्यावर तोच बोकड दोन-अडीच किलो जास्त भरतो आणि त्यावर हिशेब केला तर फसायला होतं.

काळ्या बोकडाची नोंद सगळ्यात स्वच्छ आहे, म्हणून तीच देतो. सुरुवात २१ किलो. पहिले २१ दिवस खुराक १०० ग्रॅमपासून हळूहळू वाढवत नेला, तेव्हा तो जेमतेम २२.२ वर गेला. एवढा सबुरीचा काळ लागतोच. मका एकदम वाढवला की पोट आंबतं. बोकड गव्हाणीकडे पाठ करून उभा राहतो, दात खातो आणि लेंड्यांऐवजी पातळ हगतो. पुढच्या ५९ दिवसांत सरासरी ३५० ग्रॅम खुराकावर तो २९.६ झाला, म्हणजे रोज १२५ ग्रॅम वाढ. मग खुराक ५०० ग्रॅमवर नेला, तर १८ दिवसांत फक्त १.६ किलो चढला. आधी किलोभर वजनामागे २.८ किलो खुराक लागत होता, आता ५.६ किलो लागला. बरोबर दुप्पट. अंगावर चरबी चढू लागली की असंच होतं. म्हणून पुढच्या वेळी ऐंशीव्या दिवसानंतर खुराक वाढवणार नाही. ३५० वरच ठेवून सुका चारा आणि शेवरी पोटभर देणार.

खच्ची बोकडाचं मात्र माझ्या चुकीमुळे नुकसान झालं. त्याच्या खुराकात कोंडा ३० टक्के होता आणि चुनखडीची पूड नव्हती. कोंड्यात आणि धान्यात फॉस्फरस भरपूर असतो. कॅल्शियम त्याच्या निदान दुप्पट नसेल तर लघवीत खडे बनतात. लहानपणी खच्ची केलेल्या बोकडाची मूत्रनळी अरुंद राहते, त्यामुळे त्याला धोका जास्त. बासष्टाव्या दिवशी तो पाठ कमानीसारखी करून कुंथत होता, शेपूट सारखं हलवत होता. मला वाटलं, शौचाला होत नसेल. मग खाली वाकून पाहिलं, तर लिंगाजवळच्या केसांना बारीक वाळूसारखे पांढरे कण चिकटले होते आणि लघवी थेंबथेंब येत होती. पशुवैद्यांनी त्याच दिवशी मूत्रनळीचं दोऱ्यासारखं टोक कापलं, तेव्हा धार सुटली. वाचला, पण दीड किलो उतरला आणि पुढे तीन आठवडे मागेच राहिला. एक दिवस उशीर झाला असता तर मूत्राशय फुटायची भीती होती.

आता शंभर किलोला मिश्रण असं करतो: मक्याचा भरडा ५८, शेंगदाणा पेंड २२, गव्हाचा कोंडा १६, चुनखडीची पूड २, मीठ १, खनिज मिश्रण १. मीठ मुद्दाम घालतो, कारण त्याने बोकड पाणी जास्त पितो. पाण्याचं भांडं दिवसातून दोनदा धुतो. घाण पाण्याला तो तोंड लावत नाही.

दाताचा प्रश्न वजनापेक्षा मोठा ठरला. कुर्बानीला बोकड वर्षाचा पूर्ण हवा आणि गिऱ्हाईक ते दातावर ठरवतं. पुढचे दोन पक्के दात १२ ते १६ महिन्यांच्या दरम्यान येतात, म्हणजे वर्षाचा झालेला बोकडही अदंत असू शकतो. तांबडा ३० किलोचा देखणा होता, माझ्याकडे जन्मतारीख लिहिलेली होती, तरी ओठ वर करून दुधाचे दात पाहिले की गिऱ्हाईक पुढे जायचं. शेवटी तो मांसाच्या भावाने गेला. आता खरेदीच्या दिवशीच दहा महिन्यांच्या आतला बोकड घेणार नाही. ईदपर्यंत तो साडेतेरा महिन्यांचा झाला की दात येण्याची शक्यता बरी असते.

काळा ईदेच्या १२ दिवस आधी, घरी येऊन बघणाऱ्या गिऱ्हाइकाला दिला. ३१.२ किलो, दोन दाती, शिंगं शाबूत. शिंग मुळातून मोडलं किंवा पाय लंगडा झाला तर कुर्बानीचं गिऱ्हाईक हातचं जातं, म्हणून शेवटच्या महिन्यात अंडील बोकड वेगवेगळे बांधले होते. चौथा आणखी भावाच्या आशेने बाजारात नेला, ईदेच्या दोन दिवस आधी. गाडीत आणि उन्हात एका दिवसात दोन किलो उतरला, आणि आवक इतकी होती की काळ्यापेक्षा कमी भाव मिळाला. खच्ची अजून माझ्याकडेच आहे. धार मोकळी आहे, दात हलू लागलेत.

चंद्राच्या हिशेबाने पुढची ईद १०-११ दिवस अलीकडे येईल, त्यामुळे खरेदीही तेवढीच आधी करायची आहे.