बांगड्याचं जाळं आणि माझं झेरॉक्सचं पान

मालवणात १ जून ते ३१ जुलै होड्या वर ओढलेल्या असतात आणि माझा इंग्रजीचा क्लास भरलेला असतो. मासेमारीबंदीत पोरं रिकामी असतात, आणि त्यांतली बरीचशी कुठल्यातरी जहाजावर नाहीतर गोव्यातल्या हॉटेलात लागायच्या खटपटीत. माझं काम एवढंच, की मुलाखतीच्या पंधरा मिनिटांत त्यांनी तोंड उघडावं आणि उघडल्यावर वाक्य उलटं पडू नये.

त्या दिवशी वाक्य उलटं पडलं, आणि पाडलं मी.

मुलगा दोन वर्षं ट्रॉलरवर होता. रात्रभर जाळी टाकायची, ओढायची, सकाळी बंदरात यायचं. हंगाम सुरू झाला की पुन्हा तेच. घरी रेंज नाही म्हणून जहाजावरच्या नोकरीची मुलाखत तो माझ्या क्लासातून देत होता. मी मोबाइलच्या मागे उभा, कॅमेऱ्यात न येता. पलीकडच्या माणसाने विचारलं, "आर यू यूज्ड टू वर्किंग नाइट्स?"

पोराचा चेहरा खुलला. हा शब्द त्याने घोटलेला होता. "येस सर, आय यूज्ड टू वर्क अ‍ॅट नाइट."

पलीकडून लगेच, "व्हाय डिड यू स्टॉप?"

तो गोंधळला. सोडलंच नव्हतं, तर का सोडलं हे काय सांगणार? "नो सर, नॉट स्टॉप," म्हणाला. मग सुधारायला गेला आणि म्हणाला, "आय अ‍ॅम यूज्ड टू वर्क." पुढची पाच मिनिटं तो प्रत्येक वाक्याआधी छताकडे बघत होता. मी मागे उभा राहून हातवारे करत होतो, त्याचा उपयोग शून्य. मोबाइल ठेवल्यावर तो म्हणाला, "सर, माका सवय आसा, ह्याच सांगलंय ना मी?"

नव्हतं सांगितलं. त्याने सांगितलं होतं, "मी पूर्वी रात्री काम करायचो." यूज्ड टू आणि पुढे क्रियापदाचं मूळ रूप आलं, की ती गोष्ट मागे पडलेली असते. विचारणाऱ्याचं काहीच चुकलं नाही. एरवी असल्या लोकांबद्दल माझं मत फार बरं नाही, पण इथे त्याने बरोबर ऐकलं आणि बरोबर प्रश्न विचारला.

संध्याकाळी मी माझं झेरॉक्सचं पान काढलं. गेली कित्येक वर्षं प्रत्येक बॅचला देतो ते. त्यावर माझ्याच अक्षरात होतं: यूज्ड टू म्हणजे 'ची सवय होती'. हेच ते बीज. कुठल्यातरी गाइडातून उचललं असणार, पण सही माझी. मराठीत 'मी करायचो' आणि 'मला करायची सवय आहे' यांत 'करायच' सारखंच दिसतं, आणि आपण दोन्हीवर 'सवय' हा एकच शिक्का मारतो. मुलाला सवय सांगायची होती. त्याने सवयीच्या रकान्यातला शब्द उचलला. बिचाऱ्याने पाठांतर चोख केलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी 'सवय' हा शब्दच फळ्यावरून काढून टाकला. पहिल्यासाठी नुसतं 'करायचो' लिहिलं: "आय यूज्ड टू वर्क इन अ गॅरेज." मी गॅरेजात काम करायचो, आता नाही. याला वर्तमानकाळ नाही. आज करतो ते सांगायचं तर सरळ "आय वर्क अ‍ॅट नाइट". दुसरं म्हणजे अंगवळणी पडलेलं. तिथे आधी अ‍ॅम, इज, आर, वॉज यांतलं काहीतरी हवंच, आणि पुढे एकतर नाम, नाहीतर आयएनजीवालं रूप: "आय अ‍ॅम यूज्ड टू नाइट वर्क", "आय अ‍ॅम यूज्ड टू वर्किंग अ‍ॅट नाइट".

इथे तो अडला. "टूच्या पुढे आयएनजी? शाळेत तर टूपुढे पहिलं रूप सांगतत."

सांगतात खरं. 'टू अधिक मूळ रूप' हा नियम पोरांच्या डोक्यात खिळ्यासारखा ठोकतात, आणि टू दोन प्रकारचे असतात हे कुणी सांगत नाही. एक क्रियापदाला चिकटलेला: टू गो, टू रन. दुसरा नुसता शब्दयोगी, 'ला' किंवा 'ची' यांच्या जातीचा, त्यापुढे वस्तू येते. ओळखायचं कसं? टूनंतर 'इट' ठेवून बघायचं. "आय अ‍ॅम यूज्ड टू इट" हे पूर्ण वाक्य आहे, मला त्याची सवय आहे. जिथे 'इट' बसतं तिथे क्रियापदाला नाम होऊनच यावं लागतं, म्हणजे वर्किंग. "आय यूज्ड टू इट" लिहून बघा, लंगडतं.

मग तो मला पकडायला आला. म्हणाला, "सर, 'धिस नेट इज यूज्ड टू कॅच बांगडा' तुम्हीच शिकवलंत. त्यात इज आसा, आणि पुढे कॅच आसा. कॅचिंग नाय."

माझ्या बारावीतल्या सायन्सच्या पोरांनी हा प्रश्न आजवर विचारला नव्हता. वाक्य बरोबरच आहे. पण तिथला यूज्ड म्हणजे 'वापरलेला'. जाळं बांगडा पकडायला वापरतात. तो उच्चारही वेगळा: जाळ्याच्या वाक्यात यूझ्ड, झचा आवाज स्पष्ट. सवयीच्या आणि 'करायचो'च्या वाक्यांत मात्र तोंडातून 'यूस्टू' असंच निघतं, ड गिळला जातो. मी फळ्यावर लिहिलं, "आय अ‍ॅम यूज्ड टू कॅच बांगडा." आणि विचारलं, याचा अर्थ काय?

तो थोडा वेळ बघत राहिला. मग हसायला लागला. "म्हणजे मीच जाळा!"

मुलाखतीतलं त्याचं सुधारलेलं वाक्य, "आय अ‍ॅम यूज्ड टू वर्क", नेमकं त्याच जातीचं होतं. हे त्याला मी सांगितलं नाही, त्यानेच काढलं.

उरलं 'गेट यूज्ड टू'. ते त्याला चटकन कळलं, कारण ते त्याच्या अंगावरून गेलं होतं. पहिल्या महिन्यात ट्रॉलरवर उलट्या, मग हळूहळू बसलं. अ‍ॅम म्हणजे सवय आहे, गेट म्हणजे सवय होणं. काळ पाहिजे तो लावा, पुढचं रूप बदलत नाही. मी त्याला त्याचीच हकिगत इंग्रजीत सांगायला लावली. "अ‍ॅट फर्स्ट आय वॉज सिक एव्हरी डे. देन आय गॉट यूज्ड टू द सी. नाऊ आय अ‍ॅम यूज्ड टू वर्किंग अ‍ॅट नाइट." बोलताना एकदाही छताकडे बघितलं नाही.

त्या नोकरीचं उत्तर नाही असं आलं. कारण दिलं नाही, ते कधी देत नाहीत. त्या एका वाक्यामुळे गेली का, हे मी स्वतःला दर दोन दिवसांनी विचारतो. बायको म्हणते, वीस पोरांतून दोन घेतली असतील, तू स्वतःला कशाला लावून घेतोस. असेल. पण "का सोडलंस?" या प्रश्नानंतरची त्याची पाच मिनिटं मी मागून पाहिली आहेत.

त्याने तेवढ्यात मला टोला हाणलाच. नवं पान हातात घेऊन म्हणाला, "सर, यू यूज्ड टू टीच इट राँग." रूप बरोबर होतं, अर्थही.

पान मी पुन्हा लिहिलं. झेरॉक्सवाल्याकडे दिलं तर तो म्हणाला, जुनं मास्टर माझ्याकडे आहे, तुमची कुडाळची एक विद्यार्थिनी स्वतःचा क्लास काढून गेल्या महिन्यात त्याच्याच साठ प्रती घेऊन गेली. मी तिला फोन लावला. ती क्लासात होती.